थकलेल्या पगारावरचं व्याज: दर आला कुठून, दिवस मोजायचे कसे

भोसरीतला एखादा कामगार तीन महिन्यांच्या थकलेल्या पगाराचा हिशेब मांडायला बसतो, तेव्हा पहिला प्रश्न दराचा असतो: द.सा.द.शे. किती? पगाराच्या मूळ कायद्यात याचं उत्तर नव्हतं, आणि आजही नाही.

1931 साली ब्रिटिश सरकारच्या शाही कामगार आयोगाचा अहवाल आला आणि त्यानंतर 1936 चा वेतन प्रदान कायदा झाला. त्याने तारीख बांधून दिली. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याचा सातवा दिवस संपण्याआधी, त्याहून मोठ्या आस्थापनेत दहावा दिवस संपण्याआधी पगार द्यायचा. उशीर झाला तर कलम 15 खाली प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. प्राधिकारी थकलेली रक्कम आणि वर नुकसानभरपाई देऊ शकत होता, पण उशिरासाठीच्या भरपाईची कमाल मर्यादा 2005 पर्यंत होती 25 रुपये! आठ दिवस उशीर होवो की ऐंशी, मर्यादा तीच. 2005 च्या दुरुस्तीने ती किमान 1,500 आणि कमाल 3,000 रुपये झाली. दिवसांशी तिचा संबंध तरीही जुळला नाही.

इतर हक्कांच्या बाबतीत मात्र कायद्याने वार्षिक दर धरला होता. भविष्यनिर्वाह निधी उशिरा भरला तर 12 टक्के. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत दिली नाही तर 10 टक्के सरळव्याज. रोजगार हमीच्या मजुरीला हजेरीपट बंद झाल्यापासून सोळाव्या दिवसानंतर रोज 0.05 टक्के भरपाई ठरली, म्हणजे वर्षाला 18.25 टक्के.

कारखान्यातल्या नि कार्यालयातल्या पगारासाठी आधार घ्यावा लागतो तो 1978 च्या व्याज कायद्याचा. त्यात न्यायालयाला व्याज देता येतं, पण बँकांच्या ठेवींवरच्या चालू दराच्या वर जाता येत नाही. आणखी एक अट हिशेबात फार महत्त्वाची आहे. रक्कम अमुक तारखेला देय असल्याचं लेखी करारात असेल, तर त्या तारखेपासून व्याज मागता येतं. तसं नसेल तर व्याज मागणार असल्याची लेखी नोटीस दिल्याच्या तारखेपासूनच. म्हणून नेमणूकपत्रात पगाराची तारीख लिहिलेली आहे का, हे आधी पाहावं.

दराबाबतचा ठळक निकाल 2021 चा. 2020 च्या टाळेबंदीत आंध्र प्रदेश सरकारने कर्मचाऱ्यांचे पगार नि निवृत्तिवेतन काही अंशी पुढे ढकलले. उच्च न्यायालयाने त्यावर 12 टक्के व्याज द्यायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने पगार हा कर्मचाऱ्याचा हक्कच असल्याचं मान्य केलं, पण व्याज ही शिक्षा नव्हे म्हणून दर 6 टक्क्यांवर आणला. तो निकाल सरकारच्या त्या परिस्थितीतला होता. खासगी कंपनीला हाच दर लागेल असं नाही, तरी हिशेबाला सुरुवात म्हणून 6 टक्के धरणं रास्त आहे.

समजा दरमहा हातात येणारा पगार 21,900 रुपये, देय तारीख 7, आणि जानेवारी, फेब्रुवारी, मार्च 2025 चे तिन्ही पगार 30 एप्रिलला एकदम खात्यात जमा झाले. 6 टक्क्यांनी एका पगाराचं एका दिवसाचं व्याज 3.60 रुपये येतं:

```
21900 × 6 ÷ 36500 = 3.60
```

जानेवारीचा पगार 7 फेब्रुवारीला हवा होता, उशीर 82 दिवस. फेब्रुवारीचा 54, मार्चचा 23. एकूण 159 दिवस, व्याज 572.40 रुपये. चूक इथेच होते. तिन्ही पगारांची बेरीज करून सगळ्यावर 82 दिवस लावले तर 885.60 येतात, आणि समोरचा वकील पहिल्याच झटक्यात ते खोडून काढतो. सगळ्यांना 23 दिवस लावले तर 248.40, म्हणजे कामगाराचं नुकसान. प्रत्येक महिन्याचं घड्याळ वेगळं चालतं. मधे काही रक्कम मिळाली, तर त्या दिवसापर्यंत पूर्ण रकमेवर आणि नंतर फक्त उरलेल्या रकमेवर व्याज धरायचं. शेवटची तारीख पासबुकातल्या जमा नोंदीची घ्यायची, कंपनीच्या पत्रावरची नव्हे.

आता 572 रुपयांची तुलना 1,500 च्या किमान भरपाईशी करा. 24,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्याला त्या काळात कलम 15 चा अर्जच जास्त देऊन जात होता. व्याज उपयोगी होतं ते त्या मर्यादेवरच्या पगारदाराला किंवा वर्षानुवर्षं अडकलेल्या मोठ्या रकमेला. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली. तिच्यात पगाराची मर्यादा नाही, दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि भरपाई दाव्याच्या दहापटीपर्यंत जाऊ शकते. वार्षिक दर मात्र तिनेही लिहिलेला नाही. त्यामुळे दिवसांचा तक्ता अर्जाला जोडावा, म्हणजे किती भरपाई रास्त हे ठरवायला प्राधिकाऱ्यासमोर आकडा राहतो.