फारसीतला न लिहिलेला ‘ए’ आणि इंग्रजीतली लांबलचक नावं

कोहिनूर हा आपल्याला एक शब्द वाटतो, पण फारसीत ते दोन आहेत. कोह म्हणजे डोंगर, नूर म्हणजे प्रकाश, आणि दोघांना बांधणारा मधला आखूड स्वर म्हणजे एजाफे. उर्दूत त्यालाच इजाफत म्हणतात. आपण ‘प्रकाशाचा डोंगर’ म्हणताना ‘चा’ प्रकाशाला लावतो आणि तो ‘चा’ पुढच्या डोंगराचं लिंगही सांगून टाकतो. फारसीत जोड असते डोंगराला, आणि ती एवढंच सांगते की माझ्याबद्दल पुढे आणखी काही येतंय. काय येतंय, विशेषण की मालक, की नुसतं नाव, याबद्दल ती गप्प असते.

त्यातून हा स्वर बहुतेक वेळा लिहिलाच जात नाही. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा गाळतात. शब्द ‘आ’ किंवा ‘ऊ’ने संपत असेल तर जोडीचं ‘ये’ हे अक्षर कागदावर येतं. शेवटी उच्चार नसलेलं ‘हे’ नावाचं अक्षर असेल तर त्यावर छोटी खूण किंवा पुढे ‘ये’ देतात, पण खूण अनेकदा राहूनही जाते. एरवी वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचं. ‘पेदर अली आमद’ असं लिहिलेलं असेल, तर ‘पेदर-ए अली आमद’ म्हणजे अलीचे वडील आले, आणि पेदरनंतर थांबून वाचलं तर ‘बाबा, अली आला’. अक्षरं तीच.

दोन-तीन शब्दांत हे निभावतं. बातम्या, सरकारी अहवाल, संस्थांची नावं यांत मात्र सहा-सात शब्दांची माळ सर्रास असते, आणि इंग्रजी भाषांतर तिथेच घसरतं. माळेचा क्रम मात्र बराच शिस्तीचा आहे. मुख्य नाम सगळ्यात आधी, मग त्याची स्वतःची विशेषणं, मग मालक किंवा संबंधित नाम, मग त्या नामाची विशेषणं. ‘दर-ए बोझोर्ग-ए बाग’ म्हणजे बागेचं मोठं दार. ‘दर-ए बाग-ए बोझोर्ग’ म्हणजे मोठ्या बागेचं दार. मराठीत ‘मोठं’ आणि ‘मोठ्या’ या रूपांवरूनच उलगडा होतो. फारसी विशेषणाला लिंग-वचनाचं रूपच नाही, त्यामुळे जागा हाच काय तो पुरावा. विशेषण ज्या नामाला चिकटून मागे आलंय, साधारणपणे त्याचंच असतं.

अनेक भाषांतरकार सोपी युक्ती वापरतात: माळ शेवटाकडून उलटी वाचायची. ती कधी कधी अचूक लागते, म्हणूनच फसवी आहे. इराणच्या क्रांतिरक्षक दलाचं नाव घ्या: ‘सेपाह-ए पासदारान-ए एन्घेलाब-ए एस्लामी’. दल, रक्षक, क्रांती, इस्लामी. उलटं केलं की ‘इस्लामिक रिव्होल्यूशन गार्ड्स कोअर’, आणि इराणची सरकारी इंग्रजी माध्यमं असंच लिहितात. बाहेर रुळलेलं नाव मात्र ‘इस्लामिक रिव्होल्यूशनरी गार्ड कोअर’. फरक छोटा दिसतो, पण मूळ नावात ‘एन्घेलाब’ हे नाम आहे. ‘क्रांतिकारी’ म्हणायचं असतं तर ‘एन्घेलाबी’ झालं असतं आणि शेवटची ‘ई’ लिहूनही दिसली असती. मूळ नावात इस्लामी आहे ती क्रांती, आणि रक्षक त्या क्रांतीचे. इंग्रजीत रक्षकच क्रांतिकारी झाले आणि ‘इस्लामिक’ कुणाचं हे सैल पडलं. पडताळा सोपा आहे. विशेषण दलाचं असतं तर फारसीत ते दलाच्या लगेच मागे, ‘सेपाह-ए एस्लामी-ये’ असं आलं असतं. तसं ते नाही.

आता दुसरं नाव: ‘शोरा-ये आली-ये अम्नियत-ए मेल्ली’. परिषद, सर्वोच्च, सुरक्षा, राष्ट्रीय. 1989च्या घटनादुरुस्तीत आलेली ही संस्था. इथे नुसतं उलटवलं तर ‘नॅशनल सिक्युरिटी सुप्रीम कौन्सिल’ असं वेडंवाकडं काहीतरी तयार होतं. आधी गट पाडावे लागतात. ‘आली’ परिषदेला चिकटलंय, ‘मेल्ली’ सुरक्षेला. इंग्रजीत ‘सुप्रीम’ सगळ्यात पुढे जातं, ‘नॅशनल सिक्युरिटी’ एकत्र राहते: ‘सुप्रीम नॅशनल सिक्युरिटी कौन्सिल’. उलटवायचं असतं ते गटांना, सुट्या शब्दांना नाही.

जवळच्या नामाचा नियम एका ठिकाणी हमखास मोडतो: जिथे दोन शब्द मिळून एकच वस्तू झालेली असते. ‘ओताघ-ए खाब’ म्हणजे झोपायची खोली. ‘ओताघ-ए खाब-ए बोझोर्ग’मध्ये ‘मोठी’ झोपेला चिकटलेलं दिसतं, पण मोठी आहे ती खोली. तेहरानच्या वैद्यकीय विद्यापीठाचं नाव ‘दानेश्गाह-ए ओलूम-ए पेझेश्की-ये तेहरान’ आहे. त्यात तेहरान ‘वैद्यकीय विज्ञानां’ना लागून आलंय, पण जातं थेट विद्यापीठाकडे, आणि अधिकृत इंग्रजी नावात ते अगदी पुढे आहे. हे व्याकरण सांगत नाही, ते वापराच्या ओळखीनेच कळतं.

एक लांब माळ सोडवून पाहू. इराणमध्ये 1956पासून लोकसंख्येची आणि घरांची राष्ट्रीय गणना होते. तिच्याबद्दल असा मजकूर समजा: ‘नतायेज-ए नहायी-ये सरशोमारी-ये ओमूमी-ये नोफूस ओ मस्कन-ए ओस्तानहा-ये शोमाली-ये केश्वर’. सात एजाफे, आणि लिहिताना दिसतो फक्त एक, ‘ओस्तानहा’नंतरचा, कारण तो शब्द ‘आ’ने संपतो. आधी माळ कुठे संपते ते शोधायचं. कर्माचा ‘रा’, अनिश्चिततेचा ‘ई’ किंवा क्रियापद आलं की दार बंद. मग रुळलेल्या संज्ञा उचलायच्या: ‘सरशोमारी-ये ओमूमी-ये नोफूस ओ मस्कन’ हे गणनेचं अधिकृत नाव आहे, ते फोडायचं नाही. उरलं काय? अंतिम निकाल, ही गणना, उत्तरेकडचे प्रांत, देश. ‘नहायी’ निकालांचं, ‘शोमाली’ प्रांतांचं.

आता प्रत्येक ‘ए’ला ‘ऑफ’ लावत गेलं तर ‘द फायनल रिझल्ट्स ऑफ द जनरल सेन्सस ऑफ पॉप्युलेशन अँड हाउसिंग ऑफ द नॉर्दर्न प्रॉव्हिन्सेस ऑफ द कंट्री’ असं होतं. व्याकरण बरोबर, पण वाचणाऱ्याला वाटतं की ‘हाउसिंग’ तेवढं उत्तरेचं आहे. गणना साऱ्या देशाची, मग प्रांत जोडायचे निकालांना. म्हणून: ‘द फायनल रिझल्ट्स ऑफ द नॅशनल पॉप्युलेशन अँड हाउसिंग सेन्सस फॉर द कंट्रीज नॉर्दर्न प्रॉव्हिन्सेस’. चार ‘ऑफ’पैकी एकच राहिला. एक ‘फॉर’ झाला, एकाची षष्ठी झाली, आणि एक सेन्ससच्या आधी नामं ठेवल्यावर विरून गेला.

ही निवड करताना संबंध कसला आहे तेच विचारावं लागतं. ‘अंगोश्तर-ए तला’ ही सोन्याची अंगठी, तिला इंग्रजीत ‘गोल्ड रिंग’ पुरे. ‘शहर-ए तेहरान’ म्हणजे तेहरान नावाचं शहर, तिथे मालकी कसलीच नाही. ‘रोस्तम-ए झाल’ म्हणजे झालचा मुलगा रुस्तम, आणि इथे ‘रुस्तम ऑफ झाल’ लिहिलं तर झाल हे गाव वाटेल. ‘सन ऑफ’ लिहावंच लागतं.

काही गाठी वाक्याबाहेर पाहिल्याशिवाय सुटत नाहीत. ‘तर्स-ए दोश्मन’ म्हणजे शत्रूला वाटणारी भीती की शत्रूची वाटणारी भीती? इंग्रजीत ‘द एनिमीज फिअर’ आणि ‘फिअर ऑफ द एनिमी’ यांतलं एक निवडावंच लागतं, आणि ते मागच्या-पुढच्या वाक्यांवरून ठरतं. ‘झनान ओ कूदकान-ए आवारे’, बेघर झालेल्या बायका आणि मुलं, यात ‘बेघर’ दोघांना की फक्त मुलांना? इंग्रजीत ‘डिस्प्लेस्ड विमेन अँड चिल्ड्रन’ म्हटलं तरी संदिग्धता उरतेच, फक्त शंका मुलांच्या बाजूला सरकते, कारण विशेषण आता बायकांना चिकटलेलं असतं. मूळ बातमीत दोघंही बेघर आहेत हे कळत असेल तर हे भाषांतर चालेल. फक्त मुलं असतील तर क्रम बदलून ‘विमेन अँड डिस्प्लेस्ड चिल्ड्रन’ लिहावं.