ऑइल प्रेशरचा लाल दिवा

गाडीच्या डॅशबोर्डवर तेलाच्या झारीच्या आकाराचे, तोंडाशी थेंब असलेले लाल चिन्ह. इंजिनातल्या ऑइलचा दाब किमान पातळीच्या खाली गेला की हा दिवा लागतो. चिन्हांचा आकार आयएसओ २५७५ या मानकाने ठरलेला असल्याने बहुतेक कंपन्यांच्या गाड्यांत तो सारखाच दिसतो. बऱ्याच गाड्यांत अशीच झारी पिवळ्या रंगात येते, तेव्हा ती ऑइल कमी झाल्याचे सांगते. लाल झारीचा संबंध मात्र दाबाशी आहे. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमध्ये ऑइल पुरेसे असूनही पंप नादुरुस्त असेल किंवा त्याची जाळी गाळाने तुंबली असेल, तर लाल दिवा लागू शकतो.

दिव्याचा फोटो पाठवून अर्थ विचारला जातो, तेव्हा आधी त्याच फोटोत आरपीएमचा काटा पाहावा. काटा शून्यावर आणि शेजारी बॅटरीचा दिवाही लागलेला असेल, तर इंजिन बंद आहे. चावी फिरवल्यावर हे दोन्ही दिवे लागणे आणि इंजिन सुरू होताच काही सेकंदांत विझणे योग्यच आहे. काटा आठशेच्या आसपास असून लाल झारी पेटलेली असेल, तर इशारा खरा मानावा. दिवा कधीपासून लागला आहे, आणि तो सतत पेटतो की लुकलुकतो, हे फोटोत येत नाही. ते विचारूनच घ्यावे लागते.

क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, आपल्या बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर फिरतो आणि तो थर दाबामुळे टिकतो. दाब गेला की धातूवर धातू घासतो, बेअरिंग तापून चिकटते आणि इंजिन जॅम होते. त्याला काही मिनिटेही पुरतात. म्हणून ‘पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ’ हा हिशेब इथे चुकीचा आहे.

समजा, घाटात खालून दगड लागून ऑइल चेंबरला तडा गेला. ऑइल गळून कमी होते. वळणावर उरलेले ऑइल एका बाजूला सरकते, पंप हवा ओढतो आणि दिवा क्षणभर लुकलुकतो. सरळ रस्त्यावर तो विझतो, पण तेवढ्याने निर्धास्त होऊ नये. हॅझर्ड लाइट लावून गाडी सुरक्षित, सपाट जागी थांबवावी आणि मगच इंजिन बंद करावे. चालत्या गाडीत ते बंद केले तर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात. दहा मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पुसून पुन्हा घालून पाहावी आणि गाडीखाली डाग आहे का, तेही पाहावे. या गाडीत डिपस्टिक कोरडी येईल. गळती चालू असताना वरून ऑइल ओतून उपयोग नाही, गाडी टो करावी लागते.

गळती नसेल आणि पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल थोडे थोडे घालावे, वरच्या खुणेपलीकडे जाऊ नये. सुरू केल्यावरही दिवा राहिला तर इंजिन ताबडतोब बंद करावे. पातळी पहिल्यापासून ठीक असताना दिवा लागला असेल, तर इंजिन सुरूच करू नये. अशा वेळी दोष कधीकधी फक्त ऑइल प्रेशर स्विचचा असतो; पण त्याची खात्री मेकॅनिकने स्विचच्या जागी प्रेशर गेज लावून दाब मोजल्यावरच होते.