उत्तरजीविता-आलेख (कर्करोग चाचण्यांतील)

कर्करोगावरील औषधाच्या चाचणीत किती रुग्ण किती काळ जगले हे दाखवणारा, पायऱ्यांनी उतरणारा आलेख म्हणजे उत्तरजीविता-आलेख (सर्व्हायवल कर्व्ह). तो काढण्याची रूढ पद्धत एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी 1958 मध्ये मांडली. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर जिवंत रुग्णांचे प्रमाण असते.

समजा, 10 रुग्णांपैकी एक चौथ्या महिन्यात दगावला, तर आलेख 90 टक्क्यांवर येतो. उरलेल्या नऊपैकी तिघे चाचणीत उशिरा दाखल झाले होते, त्यामुळे त्यांच्या नोंदी आठव्या महिन्याआधीच थांबतात. ते जिवंत आहेत, पण पुढचे ठाऊक नाही. अशांना ‘सेन्सॉर’ धरून आलेखावर छोटी खूण करतात, आणि आलेख खाली येत नाही. आठव्या महिन्यात उरलेल्या 6 जणांपैकी एक दगावला, की 90 टक्क्यांचे पाच-षष्ठांश, म्हणजे 75 टक्के उरतात. हे गणित सेन्सॉर झालेल्यांचा धोका इतरांइतकाच होता असे मानते. प्रकृती ढासळल्यामुळे रुग्ण चाचणी सोडत असतील, तर आलेख वास्तवापेक्षा बरा दिसतो.

आलेख 50 टक्क्यांची रेषा जिथे ओलांडतो, तो काळ म्हणजे मध्यक जीवितकाळ. ही कोणा एका रुग्णाची मुदत नव्हे, आणि त्या बिंदूनंतर काय घडले हे मध्यक मुळीच सांगत नाही. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरील इपिलिमुमॅब या औषधाचे उदाहरण बोलके आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा मध्यक 10.1 महिने, तर तुलनेसाठी दिलेल्या जीपी100 लसीचा 6.4 महिने होता. चार महिन्यांहून कमी असलेला हा फरक माफकच वाटतो. पुढे 2015 मध्ये या औषधाच्या अनेक अभ्यासांतील 1,861 रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा मध्यक 11.4 महिनेच निघाला, पण आलेख सुमारे तिसऱ्या वर्षी 22 टक्क्यांच्या आसपास सपाट होऊ लागला आणि काही रुग्णांच्या बाबतीत दहा वर्षांपर्यंत गेलेल्या नोंदींत जवळजवळ तसाच राहिला. औषधाचे खरे मोल या शेपटीत होते.

सपाट शेपटीचा थेट अर्थ एवढाच, की त्या काळात मृत्यूची नोंद झाली नाही. तिला दीर्घकालीन लाभ म्हणावे की नाही, हे त्या-त्या वेळी किती रुग्ण अजून नोंदीत आहेत हे सांगणाऱ्या, आलेखाखालच्या ‘जोखमीखालील रुग्ण’ या ओळीवर ठरते, जी अहवाल चाळताना बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वरील विश्लेषणात किमान तीन वर्षे नोंद असलेले 254 जण होते, त्यामुळे सपाटीच्या आरंभाला बऱ्यापैकी आधार होता. उजव्या टोकाकडे मात्र ही संख्या झपाट्याने घटते. दोनच रुग्ण उरले असतील, तर एका मृत्यूने आलेख निम्म्यावर येतो, आणि सर्वाधिक काळ नोंदीत राहिलेला एकटा रुग्ण दगावला, तर आधी सेन्सॉर झालेले कितीतरी जण हयात असूनही तो थेट शून्यावर आदळतो.