एका हेडला जमत नव्हतं म्हणून: मल्टी-हेड ॲटेन्शनची पार्श्वभूमी

कोथरूडला आमचा चार-पाच जणांचा रविवारचा अभ्यास चालतो, तिथे परत परत एकच प्रश्न येतो की ट्रान्सफॉर्मर या भाषेच्या मॉडेलमध्ये कुठल्या शब्दाने कुठल्या शब्दाकडे किती बघायचं हे ठरवणारं ॲटेन्शन ५१२ आकड्यांचं एकच मोठं ठेवायचं सोडून त्याचे ६४-६४ चे ८ तुकडे, म्हणजे हेड्स, का केले. उत्तर समजायला थोडं मागे जावं लागतं.

२०१४ मध्ये बाहदानाऊ, चो आणि बेंजिओ यांनी भाषांतरासाठी ॲटेन्शन आणलं तेव्हा ते एकच होतं. पुढचा शब्द लिहिताना मूळ वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला वजन द्यायचं, सगळ्या वजनांची बेरीज १, आणि त्या वजनांनी सरासरी काढायची. तिथे ते भागून गेलं, कारण वाक्याचा क्रम आणि रचना सांभाळायला खाली आरएनएन, म्हणजे वाक्य एकेक शब्द करत क्रमाने वाचणारं नेटवर्क, होतंच, ॲटेन्शन फक्त मदतीला. २०१७ मध्ये वासवानी आणि सहकाऱ्यांनी ट्रान्सफॉर्मरमधून आरएनएन काढूनच टाकलं आणि सगळा भार ॲटेन्शनवर आला, मग सरासरीचा दोष उघडा पडला.

तो दोष मराठी वाक्यात फार छान दिसतो. ‘राहुलने स्वारगेटवर आजीला छत्री दिली’ हे घ्या. ‘दिली’ या शब्दाला दोन वेगळ्या गोष्टी हव्यात: दिली कोणी, तर राहुलने, आणि ‘दिला’ नाही ‘दिली’ का, तर छत्री स्त्रीलिंगी म्हणून. म्हणजे कर्ता एकीकडे आणि क्रियापद ज्याच्यामागे जातं ते दुसरीकडे. एकच हेड असेल तर ते समजा ०.५ वजन राहुलला देईल, ०.५ छत्रीला, आणि हातात येईल दोघांचं अर्धं-अर्धं मिश्रण. दोन्ही शब्द एकाच व्हॅल्यू मॅट्रिक्समधून, म्हणजे शब्दातून पुढे काय न्यायचं ते ठरवणाऱ्या आकड्यांच्या तक्त्यातून, गेलेले असतात, त्यामुळे कोण कुठल्या नात्याने आला ही खूण मिश्रणात राहत नाही, बेरीज उलटसुलट केली तरी तीच. दोन हेड असतील तर एक जवळजवळ पूर्ण वजन राहुलवर टाकू शकतं, दुसरं छत्रीवर, काय शोधायचं ती क्वेरी, कशाशी जुळवायचं ती की आणि व्हॅल्यू प्रत्येकाची वेगळी, आणि दोघांची उत्तरं डब्याच्या वेगवेगळ्या कप्प्यांसारखी शेजारी-शेजारी ठेवली जातात, मग शेवटचं एक मॅट्रिक्स ती जुळवतं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे खर्च वाढत नाही, ८ × ६४ म्हणजे ५१२च, गणिताचं काम साधारण तेवढंच राहतं.

मग हेड वाढवतच का नाही गेले? वासवानींच्या त्या २०१७ च्या पेपरमध्ये इंग्रजी-जर्मन भाषांतरावर हे करून बघितलंय, एकूण गणित तेवढंच ठेवून. भाषांतर किती चांगलं ते मोजणारा ब्लू स्कोर, जास्त तितका चांगला, १ हेडला २४.९, ८ ला २५.८, १६ लाही २५.८, आणि ३२ ला घसरून २५.४. ३२ हेड म्हणजे प्रत्येकाला फक्त १६ आकडे, आणि एवढ्याशा जागेत कुठला शब्द कुठल्या शब्दाशी जुळतो हे नीट ठरवता येत नाही असं माझं वाचन आहे. म्हणजे जास्त नजरा हव्यात, पण प्रत्येक नजर पुरेशी तीक्ष्णही हवी.

कुठल्या हेडने काय शिकायचं हे कोणीच सांगत नाही, सुरुवातीचे रँडम आकडे वेगळे असतात आणि ट्रेनिंगमध्ये ती आपापल्या वाटेने जातात. २०१९ मध्ये एलेना वोइटा आणि सहकाऱ्यांनी भाषांतराच्या मॉडेलचा एन्कोडर, म्हणजे मूळ वाक्य वाचणारा भाग, उघडून बघितला तर तीन प्रकारची हेड्स उठून दिसली: काही फक्त शेजारच्या शब्दाकडे बघणारी, काही कर्ता-क्रियापद, कर्म-क्रियापद अशी व्याकरणाची नाती धरणारी, आणि काही वाक्यातल्या दुर्मिळ शब्दावर जाऊन बसणारी. मग त्यांनी हेड्स छाटायला घेतली, इंग्रजी-रशियन मॉडेलच्या एन्कोडरमधल्या सहा थरांत प्रत्येकी ८, अशा ४८ पैकी ३८ काढली आणि ब्लू फक्त ०.१५ ने उतरला. उरलेल्यांत प्रामुख्याने हीच विशेष काम करणारी होती. म्हणजे शिकून झाल्यावर बरीच हेड्स जादाची ठरतात, आठच्या आठ कप्पे भरलेले असतीलच असं नाही.

स्वतः बघायचं असेल तर एका ठिकाणी सांभाळा, माझे दोन रविवार त्यात गेले. ॲटेन्शनच्या वजनांचं चित्र काढलं की सगळीकडे पुसट धुकं, कुठलंच हेड कशावर ठाम नाही, मला वाटलं मॉडेल शिकलंच नाही. पायटॉर्च या पायथन लायब्ररीचं `nn.MultiheadAttention` वजनं परत देताना आपणहून सगळ्या हेड्सची सरासरी काढून देतं, म्हणजे जी सरासरी टाळायला हेड्स केली तीच परत समोर येते. `mha` हे तुमचं `nn.MultiheadAttention` आणि `x` हे वाक्यातल्या शब्दांचे आकडे धरले तर असं लिहावं लागतं:

```python
out, w = mha(x, x, x, average_attn_weights=False)
print(w.shape)
```

`batch_first=True` ठेवून १ वाक्य, ७ टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, आणि ८ हेड्स असतील तर `(1, 8, 7, 7)` यायला हवं. `(1, 7, 7)` आलं तर तुम्ही अजून धुकंच बघताय.