आधी आलेला माल की आधी मुदत संपणारा?

औषध वितरकाच्या पिकिंग लिस्टवर आज औषधाचे नाव आणि नग एवढेच नसते. कोणत्या बॅचमधून किती काढायचे हेही असते, आणि सर्वांत आधी मुदत संपणारी बॅच वर असते. हा क्रम तुलनेने नवा आहे. अमेरिकेच्या १९७८ च्या औषध उत्पादन नियमांनी बहुतेक औषधांवर मुदत छापणे बंधनकारक केले, पण वितरणासाठी सांगितले ते एवढेच की सर्वांत जुना मंजूर साठा आधी बाहेर काढा. युरोपच्या १९९४ च्या वितरण मार्गदर्शक सूचनांतही 'आधी आलेला आधी' हेच तत्त्व होते.

जो माल आधी आला त्याचीच मुदत आधी संपणार, हे त्यामागचे गृहीतक. गोदामात ते सहज मोडते. समजा, फेब्रुवारीत आलेल्या बॅचची मुदत नोव्हेंबरअखेर आहे आणि तिचे २०० नग शिल्लक आहेत. मे महिन्यात कंपनीच्या दुसऱ्या डेपोतून त्याच औषधाचे ७० नग येतात, त्यांची मुदत मात्र ऑगस्टअखेरची. आता १२० नगांची ऑर्डर आली. जुन्या नियमाने सगळे फेब्रुवारीच्या बॅचमधून जातील आणि ते ७० नग रॅकवरच पडून राहतील. मुदतीप्रमाणे काढले तर एकाच औषधाच्या दोन ओळी येतात: ऑगस्टच्या बॅचमधून ७०, नोव्हेंबरच्या बॅचमधून ५०.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या साठवणूक मार्गदर्शनात मुदतीचा क्रम स्वीकारला. युरोपने २०१३ च्या सूचनांत तो घेतला आणि अपवाद केल्यास त्याची नोंद ठेवायला सांगितले. अपवाद लागतातच. खरेदीदाराला किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी असेल, तर यादीने ऑगस्टची बॅच वगळायला हवी. परत आलेला किंवा तपासणीसाठी रोखलेला मालही क्रम लावण्याआधीच बाजूला काढायचा.

खरी अडचण हाताची आहे. यादीत ऑगस्टची बॅच असते, उचलणारा माणूस मात्र समोरचा खोका उचलतो. बिलावर एक बॅच आणि खोक्यात दुसरी. एकूण नग जुळतात, म्हणून चूक दिसत नाही. बॅचनिहाय मोजणी केली की एका बॅचमध्ये जितके जास्त, तितकेच दुसरीत कमी निघतात. पुढे कंपनीने एखादी बॅच परत मागवली, तर ती नेमकी कोणाकडे गेली हे कागदावरून सांगताच येत नाही. माझ्या मते यादीच्या क्रमापेक्षा हा धोका मोठा आहे. युरोपात फेब्रुवारी २०१९ पासून बहुतेक प्रिस्क्रिप्शन औषधांच्या खोक्यावर बॅच आणि मुदत असलेला द्विमितीय कोड असतो. उचलताना तो स्कॅन केला की यादीशी न जुळणारा खोका तिथेच अडतो. जिथे कोड नाही, तिथे पॅकिंगच्या टेबलावर दुसऱ्या माणसाने बॅच क्रमांक मोठ्याने वाचून यादीवर खूण करावी लागते.