अहवालात १.३७, आणि तरीही नग टॉलरन्सबाहेर

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका परिचिताचे छोटे मशिनिंग शॉप आहे. तेथे सीएनसी लेथवर पोलादी शाफ्ट कापले जातात. ग्राहकाने बॅचमधले काही नग परत पाठवले आणि व्यास वरच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे कळवले, तेव्हा मालकांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर ‘सीपीके १.३७’ हा प्रक्रियेच्या क्षमतेचा निर्देशांक छापलेला होता आणि ग्राहकाची मागणी किमान १.३३ ची होती. त्यांचा प्रश्न असा होता की, हा आकडा खरा असेल तर नग बाहेर गेलेच कसे? आकडा खरा होता. फक्त तो ज्या प्रश्नाचे उत्तर होता, तो प्रश्न ग्राहकाने विचारलेला नव्हता.

ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास २५ h7 असा दिलेला होता, म्हणजे २४.९७९ ते २५.००० मिलिमीटर या पट्ट्यात कुठेही असलेला नग चालतो. पट्ट्याची रुंदी २१ मायक्रॉन होते. कोणतेही यंत्र एकाच मापाचे दोन नग कधी कापत नाही. मापे एका सरासरीभोवती विखुरतात, आणि हा विखुरलेपणा प्रमाण विचलनाने, म्हणजे सिग्माने, मोजतात. मापांचे वाटप घंटेच्या आकाराचे असेल तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सिग्मा धरल्यावर हजारांतले सुमारे ९९७ नग त्यात येतात. म्हणून सहा सिग्मा ही प्रक्रियेची ‘रुंदी’ मानली जाते, आणि पट्ट्याच्या रुंदीला या रुंदीने भागले की क्षमता निर्देशांक मिळतो:

सीपी = (वरची मर्यादा − खालची मर्यादा) ÷ ६σ

या शॉपमधला सिग्मा २.५ मायक्रॉन होता, म्हणजे सीपी २१ भागिले १५, अर्थात १.४०. गाडीपेक्षा फाटक रुंद आहे, एवढेच हा आकडा सांगतो. गाडी फाटकाच्या मधून चालली आहे की खांबाला घासत, हे त्याला कळत नाही. ते कळावे म्हणून सीपीके काढतात. त्यात सरासरीपासून जवळच्या मर्यादेपर्यंतचे अंतर घेऊन त्याला तीन सिग्माने भागतात. अहवालासाठी सेटिंग मुद्दाम मध्यावर आणून सलग तीस नग कापले होते, त्यामुळे सीपीके १.३७ आला होता. येथवर हिशेबात काहीही चूक नाही.

मी पुढच्या दिवशी दोन्ही शिफ्टमध्ये दर अर्ध्या तासाला सलग पाच नग उचलून मोजायला सांगितले. असे पंचवीस गट जमले. प्रत्येक गटाची सरासरी आलेख कागदावर मांडली आणि करवतीच्या दातांसारखी रेघ उमटली. सरासरी २४.९८६५ पासून हळूहळू चढत २४.९९६५ पर्यंत जाई, तेथून एकदम खाली येई आणि पुन्हा चढू लागे. सुमारे ऐंशी नगांमागे, म्हणजे अडीच-पावणेतीन तासांत, एक दात पुरा होत होता.

चढणीचे कारण इन्सर्टची, म्हणजे हत्याराच्या टोकावरच्या बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याची, झीज हे होते. धार झिजली की तिचे टोक जॉबपासून मागे सरते आणि तेवढे कमी कापते. टोक ५ मायक्रॉन मागे गेले की व्यास १० मायक्रॉनने वाढतो, कारण ही चूक त्रिज्येत होते आणि व्यासात दुप्पट दिसते. ऑपरेटर माप वरच्या मर्यादेच्या जवळ आलेले पाही, तेव्हा ऑफसेटमध्ये, म्हणजे यंत्रात नोंदवायच्या हत्याराच्या दुरुस्तीत, दहा मायक्रॉन वजा करी आणि रेघ खाली येई. मात्र दाताचा मध्य पट्ट्याच्या मध्यावर नव्हता, तो दोन मायक्रॉन वर होता. मी त्याला कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, मोठा झाला तर अजून एक कट मारता येतो. लहान झाला की थेट भंगार.” त्याच्या जागी मीही तेच केले असते. बाहेरचा व्यास कापणाऱ्या प्रत्येक शॉपमध्ये सरासरी अशी वर सरकलेली आढळण्याचा संभव असतो, आणि भोक कापणाऱ्या शॉपमध्ये याच कारणाने ती खाली सरकते.

आता मला सर्वांत आवडणाऱ्या भागाकडे येतो, आणि तो म्हणजे एकाच यंत्राला दोन सिग्मा का असतात. पाच सलग नग कापायला दहा मिनिटे लागतात. एवढ्यात इन्सर्ट नगण्य झिजतो, म्हणून त्या पाच नगांमधला फरक यंत्राच्या स्वतःच्या थरथरीचा, चकच्या पकडीचा, धातूतल्या कमी-जास्त कठीणपणाचा असतो. प्रत्येक गटातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापांतला फरक घेऊन पंचवीस गटांची सरासरी काढली, ती ५.८ मायक्रॉन आली. पाचाच्या गटासाठी तिला २.३२६ या स्थिरांकाने भागतात आणि २.५ मायक्रॉन मिळतात. हा झाला गटाच्या आतला सिग्मा. नग असे लहान गटांत घेऊन पाहण्याची ही पद्धत वॉल्टर शूहार्ट यांच्या कामातून आली. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत असताना त्यांनी १९२४ मध्ये पहिला नियंत्रण आलेख आखला होता. गट लहान आणि सलग ठेवण्यामागचा हेतू हाच, की गटाच्या आत केवळ यंत्राची थरथर दिसावी आणि काळाबरोबर होणारे बदल दोन गटांच्या मध्ये पडावेत.

ग्राहकाच्या हाती मात्र एक गट पडत नाही, त्याला दिवसभराचा माल मिळतो. त्यात थरथरीबरोबर करवतीची चढउतारही असते. दहा मायक्रॉनच्या पट्ट्यात सरासरी एकसारखी सरकत असेल तर त्या सरकण्याचा सिग्मा दहा भागिले वर्गमूळ बारा, म्हणजे २.९ मायक्रॉन होतो. आता २.५ आणि २.९ यांची साधी बेरीज करायची नसते. ही दोन कारणे एकमेकांपासून स्वतंत्र असल्यामुळे त्यांच्या वर्गांची बेरीज होते, आणि एकूण सिग्मा काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखा मिळतो. एक भुजा २.५, दुसरी २.९, कर्ण ३.८. शाळेतला पायथागोरस येथे लेथवर उभा राहतो.

या कर्णाने तोच हिशेब पुन्हा केला की जे मिळतात त्यांना पीपी आणि पीपीके म्हणतात. पट्टा २१, सहा सिग्मा सुमारे २३, म्हणजे पीपी ०.९२. सरासरी दोन मायक्रॉन वर सरकलेली असल्यामुळे वरच्या मर्यादेपर्यंतचे अंतर ८.५ उरते, म्हणून पीपीके ०.७४. एकच यंत्र, एकच आठवडा, आणि कागदावर १.३७ किंवा ०.७४. पहिला आकडा दहा मिनिटांत यंत्र काय करू शकते ते सांगतो, दुसरा दोन शिफ्टमध्ये त्याने काय केले ते सांगतो.

येथे एक खाच आहे आणि ती बहुतेक तक्त्यांत दाखवलेली नसते. ०.७४ वरून छापील तक्ता पाहिला तर हजारात तेरा नग बाहेर जायला हवेत. तो तक्ता घंटेच्या आकाराच्या वाटपासाठी असतो, आणि करवतीमुळे तयार होणाऱ्या वाटपाचा माथा सपाट असतो, शेपट्या आखूड असतात. प्रत्येक क्षणाच्या सरासरीपासून हिशेब करून दातभर बेरीज केली की उत्तर हजारात नऊ येते. शिवाय हे नऊ दिवसभर सारखे पसरलेले नसतात. नुकताच ऑफसेट दिलेला असताना जवळजवळ एकही नग वरच्या बाजूने बाहेर जात नाही, आणि ऑफसेट देण्याच्या ऐन आधी बारा नगांमागे एक जातो. ग्राहकाने परत पाठवलेले नग एकाच ट्रेमधले का होते, त्याचा उलगडा येथे झाला.

खंडेनवमीला मशिनवर हळद-कुंकू वाहून नारळ फोडतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या निमित्ताने मशिन पुसले तरी जाते. मात्र १.३३ किंवा १.६७ छापलेला कागद फाइलमध्ये लावला म्हणजे माल सुरक्षित झाला, ही समजूत मला लिंबू-मिरचीच्याच जातीची वाटते. तीस नगांवरून काढलेला १.३७ हा ढोबळमानाने १.० ते १.७ यांमधल्या कोणत्याही खऱ्या मूल्यातून आलेला असू शकतो, तेव्हा त्यातल्या दुसऱ्या दशांश स्थळाला फारसा अर्थ नसतो. मापनाची कथाही वेगळी नाही. ०.०१ मिलिमीटर लघुत्तम मापाच्या मायक्रोमीटरने २१ मायक्रॉनचा पट्टा मोजला तर त्यात जेमतेम दोन घरे पडतात, आणि त्यावरून काढलेला सिग्मा यंत्राचा नसून मायक्रोमीटरचा असतो. सुदैवाने येथे एक मायक्रॉन दाखवणारे उपकरण होते. नग मोजण्याआधी निवू देण्याची सवय मात्र लावावी लागली, कारण उपकरणापेक्षा दहा अंशांनी गरम असलेला पोलादी शाफ्ट सुमारे तीन मायक्रॉन जाड दिसतो.

उपाय दोन गोष्टींत होता. पहिली म्हणजे ऐंशी नगांनंतर दहा मायक्रॉन देण्याऐवजी चाळीस नगांनंतर पाच द्यायचे. दुसरी म्हणजे दाताचा मध्य २४.९८९५ वर, पट्ट्याच्या बरोबर मध्यावर आणायचा. लहान नगाच्या भीतीने वर राहण्याचे कारण दात अर्धा झाल्यावर उरत नाही, कारण सर्वांत खालच्या क्षणीही सरासरी खालच्या मर्यादेपासून आठ मायक्रॉन दूर असते. ऑपरेटरला हे आलेखावर बोट ठेवून दाखवावे लागले, नुसत्या सूचनेने त्याने ऐकले नसते, आणि ऐकूही नये. नव्या पद्धतीत सरकण्याचा सिग्मा १.४ होतो, कर्ण २.९ पर्यंत आखूड होतो आणि पीपीके १.२१ येतो. बाहेर जाणारे नग हजारात नऊवरून दहा हजारांत दोनवर येतात.

उत्साहाच्या भरात सुपरवायझरने सुचवले की मग प्रत्येक नग मोजून प्रत्येक वेळी ऑफसेट द्यावा. हे मोहक वाटते आणि घातक आहे. एका नगाच्या मापात मुख्यतः थरथर असते. ती थरथर ऑफसेटमध्ये उतरवली की पुढच्या नगावर त्याची स्वतःची थरथर आणि आधीच्याची उलटी थरथर अशा दोन्ही येतात. पायथागोरस पुन्हा लावला की २.५ चा सिग्मा ३.५ होतो. म्हणून पाच नगांची सरासरी घ्यायची आणि ठरलेल्या टप्प्यावरच हात घालायचा.

१.२१ हा अजूनही १.३३ पेक्षा कमीच आहे. मालकांनी विचारले की नवे लेथ घ्यावे का. आम्ही तोही हिशेब केला. समजा नव्या यंत्राची थरथर २.५ ऐवजी १.५ असेल, पण इन्सर्ट, ऑफसेटची सवय आणि वर सरकलेला मध्य जुनाच राहिला, तर कर्ण ३.२५ होतो आणि पीपीके ०.८७ येतो. जुने यंत्र, नवी सवय: १.२१. कोटेशनचा कागद त्यांनी घडी घालून खणात ठेवला आणि इन्सर्टची दुसरी ग्रेड कमी झिजते का, ते पाहण्यासाठी एक डबी मागवली.