बोअरवेलचा एसी पंप व्हीएफडीद्वारे सौरऊर्जेवर चालविणे

बोअरवेलमधील चालू स्थितीतला थ्री फेज सबमर्सिबल पंप बाहेर न काढता, वरचा स्टार्टर हटवून त्याच्या जागी व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह (व्हीएफडी) बसवणे आणि त्याला सोलर पॅनेल जोडणे, अशी ही पद्धत आहे. ड्राइव्ह पॅनेलच्या डीसी विजेपासून थ्री फेज एसी तयार करतो आणि उन्हाच्या प्रमाणात तिची वारंवारता, म्हणजेच मोटारीचा वेग, कमी-जास्त करतो. कपॅसिटरवर चालणारी सिंगल फेज मोटार मात्र अशा थ्री फेज ड्राइव्हवर तशीच जोडता येत नाही.

ड्राइव्ह सोलरसाठीचा असावा लागतो. साधा ड्राइव्ह ठरवून दिलेला वेग टिकवायला बघतो. ढग आला की पॅनेल तेवढी वीज देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळतो आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. सोलर ड्राइव्ह आधी पॅनेलचा व्होल्टेज सांभाळतो आणि त्यासाठी वेग उतरवतो. ड्राइव्ह निवडताना हॉर्सपॉवरपेक्षा मोटारीच्या पाटीवरचा करंट बघावा, कारण त्याच हॉर्सपॉवरची सबमर्सिबल मोटार साध्या मोटारीपेक्षा सहसा जास्त करंट घेते.

किती पॅनेल लागतील हे लोक वॅटवरून ठरवू पाहतात. प्रत्यक्षात आधी व्होल्टेजचा हिशेब जुळावा लागतो. ४१५ व्होल्टच्या मोटारीला पूर्ण व्होल्टेज देण्यासाठी ड्राइव्हला सुमारे ५८७ व्होल्ट डीसी लागतो (४१५ गुणिले १.४१४). समजा, ५४० वॅटचे पॅनेल चालू असताना ४१.५ व्होल्ट आणि भार नसताना ४९.५ व्होल्ट देते. १४ पॅनेल एका ओळीत जोडली तर ५८१ व्होल्ट मिळतात, म्हणजे कागदावर जवळपास जमले. पण हे आकडे २५ अंश तापमानाचे आहेत. भर उन्हात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले की व्होल्टेज अंदाजे १४ टक्के घटून ५०० वर येतो. त्यातून मोटारीला जेमतेम ३५३ व्होल्ट मिळतात आणि ते साधारण ४२.५ हर्ट्झला पुरतात. वेग त्यापुढे रेटला तर मोटारीची ताकद कमी पडते आणि करंट चढतो.

मग १६ पॅनेल लावावीत, असे वाटेल. थंडीत ५ अंश तापमानाला, मोटार सुरू होण्याआधी, त्या ओळीचा व्होल्टेज ८३५ पर्यंत जातो. ड्राइव्हची कमाल मर्यादा ८०० असेल तर ड्राइव्ह ट्रिप होईल किंवा कायमचा जळेल. १५ पॅनेल लावल्यास थंडीत सुमारे ७८३ आणि उन्हाळ्यात ५३५ व्होल्ट मिळतात, म्हणजे साधारण ४५.५ हर्ट्झ. येथे १५ हाच तोडगा आहे. एकूण ८.१ किलोवॅट झाले तरी ५ हॉर्सपॉवरच्या मोटारीला त्रास नाही, कारण ड्राइव्ह लागेल तेवढीच वीज ओढतो. उलट सकाळी पाणी लवकर सुरू होते.

दुसरा हिशेब पाण्याचा. पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ५० हर्ट्झला डिलिव्हरी पूर्ण बंद असताना १०० मीटर दाब देणारा पंप घ्या. पाण्याची पातळी ६० मीटर खोल आणि टाकी जमिनीपासून ४ मीटर उंच असेल तर ४० हर्ट्झला दाब बरोबर ६४ मीटर होतो. त्याखाली मोटार फिरते, वीज खाते, पण वर थेंबही येत नाही. तेच पाणी आत घुसळून गरम होते; शिवाय मोटारीवरून वाहणाऱ्या पाण्यानेच ती थंड राहत असल्याने तीही तापते. म्हणून ड्राइव्हमध्ये किमान वारंवारता ४१-४२ हर्ट्झ ठेवावी आणि त्याखाली पंप थांबून काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करील, अशी सेटिंग करावी. आता १४ पॅनेलचे ४२.५ हर्ट्झ किती काठावरचे आहेत ते कळेल: ऐन उन्हाळ्यात, पातळी आणखी उतरलेली असताना, पंप नुसता फिरत राहिला असता. किमान वारंवारतेचा आकडा उन्हाळ्यातली पातळी धरूनच काढावा.

मोटारीचे थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर चालते आणि तो थर कमी वेगात नीट बनत नाही. त्यामुळे सुरू होताना ३० हर्ट्झपर्यंत एक-दोन सेकंदांत पोहोचावे. बेअरिंग जपण्यासाठी हळू सुरू करणे येथे उलटे पडते. केबल लांब असेल तर ड्राइव्हच्या तुटक लहरींमुळे मोटारीच्या टोकाशी व्होल्टेजचे धक्के बसतात. जुन्या किंवा पुन्हा वाइंडिंग केलेल्या मोटारीचे इन्सुलेशन त्यात जाते. अशा वेळी ड्राइव्हच्या आउटपुटला रिअॅक्टर किंवा फिल्टर लावतात.

जोडणीत ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये जुना स्टार्टर किंवा कपॅसिटर राहू देऊ नये. ग्रिडची वीजही ठेवायची असेल तर चेंजओव्हर ड्राइव्हच्या इनपुट बाजूला, दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाणार नाहीत असा असावा. ग्रिड चुकून आउटपुटला लागला तर ड्राइव्ह तत्काळ जळतो. पॅनेलच्या बाजूला डीसीचाच आयसोलेटर लागतो. एसी एमसीबी डीसीची ठिणगी भरवशाने विझवू शकत नाही.

ड्राइव्हच्या पडद्यावर ४८ हर्ट्झ दिसत असूनही पाणी फारच कमी येत असेल, तर मोटार उलटी फिरत असण्याची शक्यता आधी तपासावी. वीज बंद करून, ड्राइव्हमधला साठलेला डीसी उतरेपर्यंत थांबून, मोटारीच्या कोणत्याही दोन तारा अदलाबदल कराव्यात आणि पाण्याची धार पुन्हा बघावी.